पश्मिना, फक्त ₹1,299

ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा पाचवर ठेवून आपण मोबाइल बघत असतो आणि स्क्रीनवर शाली यायला लागतात. नवरात्रात सुरुवात होते, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पूर येतो. महाराष्ट्रात खरी थंडी पडायला अजून महिना-दीड महिना असतो. निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी बहुधा डिसेंबर-जानेवारीतली. पण शाल-स्वेटर विकणाऱ्यांच्या जाहिराती थंडीचं कॅलेंडर बघून येत नाहीत. त्या भाऊबीज, दिवाळीची भेट आणि अमेरिकेला मुलाकडे निघालेल्या आई-बाबांची बॅग बघून येतात. त्यांचं लक्ष शाल पांघरणाऱ्याकडे नसतं, देणाऱ्याकडे असतं.

अशी एक जाहिरात नमुना म्हणून घेऊ. कुणा एका विक्रेत्याची ती नाही. पंधरा-वीस जाहिरातींतली वाक्यं एकत्र केली की जे तयार होतं, ते हे: ‘ओरिजिनल काश्मिरी पश्मिना शाल. आईसाठी, सासूबाईंसाठी बेस्ट गिफ्ट. रिंग टेस्ट पास. हँडवर्क कानी डिझाइन. एमआरपी ₹4,999, दिवाळी ऑफर ₹1,299. गिफ्ट बॉक्स फ्री. शेवटचे 12 पीस.’ सोबत एक व्हिडिओ. त्यात एक हात अख्खी शाल अंगठीतून सरकन ओढून दाखवतो.

यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. त्यासाठी कापडातलं तज्ज्ञ असावं लागत नाही. पश्मिना कुठून येतो आणि त्याची शाल कशी होते, एवढं माहीत असलं की पुरतं.

लडाखच्या पूर्वेला चांगथांग नावाचं पठार आहे. उंची साधारण 14,000 फूट आणि त्याहूनही जास्त. तिथे चांगपा लोक ज्या शेळ्या पाळतात, त्यांना हिवाळ्यात बाहेरच्या राठ केसांखाली एक अतिशय मऊ लव येते. उणे तीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या थंडीत ती लव शेळीला जगवते. हिवाळा सरला की ती आपोआप सुटायला लागते आणि मग कंगव्याने विंचरून काढतात. हाच पश्मिना. शेळीला मारत नाहीत. एका शेळीपासून वर्षाला जेमतेम पाव किलो माल निघतो आणि त्यातले राठ केस, माती वेगळी केल्यावर शंभर ग्रॅमच्या आसपास शुद्ध लव हाती राहते. तिच्या तंतूची जाडी साधारण 12 ते 16 मायक्रॉन असते. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास धरला, तर त्याचा चौथा-पाचवा हिस्सा.

ही लव श्रीनगरला पोचते. तिथे बायका ती ‘येंदर’ नावाच्या चरख्यावर हाताने कातात. तंतू आखूड आणि नाजूक असल्यामुळे यंत्राचा ताण त्याला नीट सोसत नाही. मग हातमागावर विणकर साधी शाल काही दिवसांत उतरवतो. सुईने ‘सोझनी’ भरतकाम करायचं असेल, तर कामाच्या दाटपणानुसार पुढे महिने लागतात. ‘कानी’ हा प्रकार आणखी वेगळा. त्यात नक्षी कापडावर भरत नाहीत, विणतानाच घालतात. धोट्याऐवजी रंगीत धाग्यांच्या लहान लहान लाकडी काड्या असतात आणि कुठला रंग किती ताण्यांखालून न्यायचा हे ‘तालीम’ नावाच्या लिखित सांकेतिक पट्टीवरून वाचत विणकर पुढे सरकतो. दिवसाला विणून होतं ते बोटाच्या पेरांनी मोजावं इतकं थोडं. दाट नक्षीची पूर्ण कानी शाल मागावरून उतरायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागतं.

आता ₹1,299 चा हिशेब करू. एक मीटर बाय दोन मीटरची साधी पश्मिना शाल दीडशे ते दोनशे ग्रॅम भरते. दीडशे धरू. कताई-विणाईत थोडा माल वाया जातो, म्हणजे 180 ग्रॅम स्वच्छ लव तरी हवी. दोन शेळ्यांचं वर्षभराचं उत्पन्न जवळजवळ संपलं. स्वच्छ केलेल्या पश्मिन्याचा भाव वरखाली होत असतो. विक्रेत्याला झुकतं माप देऊन किलोला आठ हजारच धरले, तरी नुसता कच्चा माल ₹1,440 चा झाला. अजून कुणी चरख्याला हात लावलेला नाही. कताई, विणाई, धुलाई, रंगाई, श्रीनगरच्या व्यापाऱ्याचा नफा, कुरिअर, फुकटची गिफ्ट बॉक्स आणि जाहिरातीचा खर्च, सगळं बाकी आहे. हाताने कातलेली-विणलेली, नक्षी नसलेली पूर्ण शाल दहा हजारांच्या खाली कुणी देत असेल तर का, हा प्रश्न विचारावाच लागतो. आणि 1,299 मध्ये ‘हँडवर्क कानी’? त्यात विचारण्यासारखंसुद्धा काही नाही.

मग बॉक्समधून येतं काय? बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉनचा धागा. कधी ॲक्रिलिक, कधी पॉलिस्टर, कधी यांचं मिश्रण आणि त्यात चवीपुरती लोकर. अमृतसरमध्ये यंत्रमागावर जॅकार्ड पद्धतीने अशा शाली मोठ्या प्रमाणात होतात. आंब्याच्या कोयरीची दाट नक्षी असलेली, दिसायला देखणी शाल तिथे झटपट निघते. तो धंदा चोख आहे, माल वाईट नाही. कुठल्याही सत्कारात नारळाबरोबर खांद्यावर पडते ती शाल साधारण याच कुळातली. (एखाद्या ज्येष्ठ लेखकाच्या घरी त्यांची चळतच्या चळत असते आणि पुढच्या कुणाच्या तरी सत्काराला त्यातलीच एक बाहेर पडते, हे उघड गुपित आहे.) अमृतसरची व्हिस्कोसची शाल चारशे-पाचशेला व्हिस्कोस म्हणून घेतली, तर तक्रारीला जागा नाही. तिच्यावर ‘पश्मिना’ छापून तिप्पट भाव लावला की फसवणूक सुरू होते.

त्यातही नावं बेमालूम असतात. ‘सेमी पश्मिना’, ‘पश्मिना सिल्क’, ‘पश्मिना फील’, ‘काश्मिरी स्टाइल’. यांतल्या एकाही नावाला ठरलेला अर्थ नाही. वस्तूवर आणि जाहिरातीत कशाचे किती टक्के धागे आहेत ते स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर अशी नावं नुसती शोभेची समजावीत.

आता अंगठी. पश्मिन्याची खूण म्हणून अंगठीची परीक्षा आपल्याकडे इतकी रुजली आहे की दुकानदारही ती श्रद्धेने करून दाखवतात. तिचा उगम मुळात पश्मिन्यात नाही. ‘शाहतूश’ नावाची याहूनही तलम शाल असे, ती अंगठीतून सहज जाई आणि ‘अंगठी शाल’ म्हणूनच ओळखली जाई. शाहतूश तिबेटी हरणापासून, म्हणजे चिरूपासून मिळतो. तो काढायला प्राणी मारावा लागतो आणि एका शालीसाठी एकाहून अधिक हरणं जातात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. कुणी कौतुकाने ‘शाहतूश आहे, फक्त तुमच्यासाठी’ म्हणालं, तर तिथून निघून यावं. खोटं असेल तर पैसे जातील, खरं असेल तर अटक होईल.

तर अंगठीतून काय जाईल हे कापडाच्या जाडीवर आणि गुळगुळीतपणावर ठरतं, ते कशाचं आहे त्यावर नव्हे. पातळ व्हिस्कोसची ओढणी सुळकन जाते. दाट सोझनी केलेली अस्सल पश्मिना शाल अडकून बसते, आणि जबरदस्तीने ओढली तर तिचे धागे तुटतात. म्हणजे या परीक्षेत खोटा पास होतो आणि खरा नापास.

दुसरी परीक्षा जाळून बघण्याची. ही जास्त कामाची आहे, पण तिची मर्यादा माहीत हवी. शालीच्या दशांमधून दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरायचे आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावायची. व्हिस्कोस कागदासारखं भुरुभुरु जळतं आणि मऊ करडी राख उरते. ॲक्रिलिक काळा धूर सोडत पेटतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळी गाठ राहते. पॉलिस्टरचीही अशीच गाठ होते. लोकर ज्योतीपासून आक्रसते, काडी बाजूला केली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा कण बोटांत चुरडला जातो. कृत्रिम धागा यात पकडला जातो. पण मेंढीची लोकर आणि पश्मिना यांतला फरक जाळून कळत नाही. दोन्ही केसच, दोघांचा वास तोच. तो फरक सूक्ष्मदर्शकाखाली तंतूची जाडी आणि त्यावरचे खवले बघून करावा लागतो.

म्हणूनच प्रमाणपत्राला किंमत आहे. ‘काश्मीर पश्मिना’ला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये त्यासाठी तपासणी केंद्र आहे. तिथे तीन गोष्टी बघतात: तंतू 16 मायक्रॉनपर्यंतचा आहे ना, सूत हाताने कातलेलं आहे ना आणि कापड हातमागावर विणलेलं आहे ना. तिन्ही जमलं तर त्या एका नगाला स्वतःचा क्रमांक असलेलं लेबल लागतं. 2023 मध्ये ‘लडाख पश्मिना’लाही वेगळं मानांकन मिळालं.

हाताने कातलेलं सूत बघण्यामागे कारण आहे. पश्मिना यंत्रावर टिकावा म्हणून त्यात नायलॉनचा धागा मिसळतात आणि विणून झाल्यावर आम्लाने तो विरघळवून टाकतात. मागे उरतो तो पश्मिनाच, पण आम्लाचा मार खाल्लेला. अशी शाल लवकर विरते. जाहिरातीतलं ‘100 टक्के पश्मिना’ अशा शालीच्या बाबतीत खोटंही नसतं. त्यामुळे तीन-चार हजारांची ‘पश्मिना’ दिसली तर ती सरसकट नकली म्हणता येत नाही. यंत्रावर केलेली किंवा मिश्र असू शकते. तेवढं विक्रेत्याने सांगायला मात्र हवं.

विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवरूनही बरंच कळतं, पण त्याने सजवून काढलेल्या फोटोवरून नाही. आपण मागून घेतलेल्या. शाल खिडकीपुढे धरून उजेड आरपार येईल असा फोटो मागावा: हातकताईचं सूत कुठे जाड, कुठे बारीक दिसतं; यंत्राचं अगदी एकसारखं. भरतकाम असेल तर उलट बाजूचा फोटो मागावा: यंत्राच्या भरतकामात मागे बहुधा खालच्या धाग्याचं दाट, एकरंगी जाळं असतं, हाताच्या कामात वरच्याच रंगांचे टाके आणि त्यांच्या थोड्या गाठी. चमक बघावी: पश्मिना मंद दिसतो, व्हिस्कोस रेशमासारखं चमकतं. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर शाल ठेवून वजनाचा फोटो मागावा. दोन मीटरच्या ‘पश्मिना’ शालीचं वजन साडेतीनशे ग्रॅम निघालं, तर तो काही पश्मिन्याचा हलकेपणा नव्हे. खरा व्यापारी असे फोटो आनंदाने पाठवतो, कारण त्याला गिऱ्हाइकाला हेच दाखवायचं असतं. ज्याच्याकडून ‘मॅडम, शंभर लोकांनी घेतली, कुणी विचारलं नाही’ असं उत्तर येतं, त्याने आपलं काम सोपं केलं.

कुणी विचारत नाही, हे मात्र तो खरं बोलतो. भेटवस्तूचा सगळा व्यवहार त्याच्या सोयीचा आहे. स्वतःसाठी शाल घेतली, तर आपण ती धुतो, वापरतो, गोळे आले की चिडतो. भेट देताना आपण बॉक्स उघडून वरवर बघतो, किंमतीचं तिकीट कापतो, त्याबरोबर धाग्यांचं लेबलही कापतो आणि पुन्हा बांधून ठेवतो. ज्यांना मिळते, त्या सासूबाई सुनेला ‘अगं, ही व्हिस्कोसची आहे’ असं कधीच म्हणणार नाहीत, कळलं तरी. आणि दिलेल्या शालीच्या दशा कोण जाळून बघतो? त्यातून वेळेचा हिशेब बघा. नवरात्रात ऑर्डर, सात दिवसांत परत करण्याची मुदत, भाऊबीजेला भेट, डिसेंबरच्या शेवटी पहिल्यांदा अंगावर. दोष कळायच्या आत मुदत संपून दोन महिने झालेले असतात. ‘शेवटचे 12 पीस’ची घाईसुद्धा याचसाठी, देणाऱ्याकडे दिवाळीची तारीख असते, थांबायला वेळ नसतो.

स्वेटरचं प्रकरण यापेक्षा सोपं आहे. आपल्याकडे थंडीतल्या कुठल्याही उबदार कपड्याला सरसकट ‘वुलन’ म्हणतात, त्यामुळे ‘वुलन स्वेटर’ या शब्दांवरून काहीच ठरत नाही. देशातले बहुतेक स्वेटर लुधियानाहून येतात आणि त्यातले पुष्कळ ॲक्रिलिकचे असतात. पुणे, नागपूर, मुंबईत दर हिवाळ्यात येणारे तिबेटी विक्रेतेही मुख्यतः लुधियानाचाच माल आणतात. ॲक्रिलिक म्हणजे कमी प्रतीचं असं समजू नये. ते हलकं असतं, मशिनमध्ये धुता येतं, त्याला कसर लागत नाही. गुडघेदुखी असलेल्या, रोजचे कपडे स्वतः धुणाऱ्या आजीला पुढून बटणांचा ॲक्रिलिक स्वेटर हा शुद्ध लोकरीपेक्षा जास्त उपयोगाचा. उणेपण एवढंच की काखेत आणि कोपरावर लवकर गोळे येतात आणि कडाक्याच्या थंडीत लोकरीइतकी ऊब मिळत नाही. न्यू जर्सीतल्या जानेवारीसाठी लोकर हवी, पुण्यातल्या पहाटेच्या फिरण्यासाठी ॲक्रिलिक पुरे. मानेमागचं किंवा आतल्या शिवणीतलं लेबल वाचलं की प्रश्न मिटतो.

मग हजार-दीड हजार ते तीन हजारांत आईला काय द्यावं? माझं मत विचाराल तर नकली पश्मिन्याऐवजी खरी मेंढीची लोकर. हिमाचलमधली कुल्लूची शाल घ्या: दोन टोकांना भौमितिक नक्षीच्या रंगीत पट्ट्या, मधलं अंग साधं. तिलाही भौगोलिक मानांकन आहे. तिथली भुट्टी विणकर सहकारी संस्था 1944 पासून काम करते आहे. खादी भांडारांत आणि राज्य सरकारांच्या एम्पोरियममध्येही लोकरीच्या साध्या शाली मिळतात. त्या पश्मिन्याइतक्या मऊ नसतात, काहींना मानेला किंचित टोचतात. पण उबदार असतात आणि नीट ठेवल्या तर पुढच्या पिढीपर्यंत जातात. मुंबईत राहणाऱ्या माणसाला मात्र जाड लोकर देऊन उपयोग नाही. तिथे पातळ सुती किंवा चक्क व्हिस्कोसची शालच जास्त दिवस अंगावर राहील.

ऑनलाइनच घ्यायची असेल, तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: यात कुठला धागा किती टक्के आहे? उत्तर आणि मूळ जाहिरात, दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत गायब होतं आणि तक्रार करताना हातात काही राहत नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि दशांचे दोन धागे मुदत संपायच्या आत जाळून बघा, भाऊबीजेनंतर नव्हे. सांगितलेलं आणि आलेलं वेगळं निघालं आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आणि भेट बांधताना किंमतीचं तिकीट जरूर काढा, पण धाग्यांचं आणि धुलाईचं लेबल कापू नका. शाल कशाची आहे आणि कशी धुवायची, हे ज्यांना ती मिळणार आहे त्यांनाच सगळ्यात आधी कळायला हवं.